चार दिवस ज्याचे त्याचे

नोव्हेंबर संपत आला की खासगी कार्यालयांत पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी तयार होऊ लागते. मनुष्यबळ विभागातील एखादा कर्मचारी गेल्या वर्षीची यादी समोर ठेवतो, तारखा बदलतो, वरिष्ठांची सही घेतो आणि डिसेंबरच्या अखेरीस ती फलकावर लावतो. सणांची नावे मात्र तीच राहतात. कंपनी सुरू झाली तेव्हा तेथे जी माणसे होती, त्यांच्या घरचे सण त्या यादीत असतात. पुढे माणसे बदलली तरी यादी बदलत नाही.

ज्यांचा सण यादीत नसतो ते काय करतात, हे रजेच्या नोंदवहीत दिसते. अठ्ठाईचे पारणे, दशलक्षणातील अनंत चतुर्दशी, रमजान ईद, गुड फ्रायडे, पतेती हे दिवस तेथे किरकोळ रजा म्हणून नोंदलेले असतात. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असे लिहिलेले असते. राज्याच्या कायद्याने कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळते आणि ती तिमाहीला दोन-दोन अशी खात्यावर जमा होते. त्यांतले तीन-चार दिवस सणांत गेले की मुलाच्या तापाला, सासूबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला किंवा गावाकडच्या एकाएकी आलेल्या निरोपाला शिल्लक राहत नाही. पगार कापला जातो तो अशाच एखाद्या दिवशी, आणि तो शेजारच्या टेबलावरील माणसाचा कापला जात नाही, कारण त्याचे सण यादीतच असतात. व्यापारी घरांतील पुष्कळ मुलेमुली आणि सुना आता पेढीवर न बसता अशा कार्यालयांत नोकरी करतात. त्यामुळे हा हिशेब आपल्याही घरांत होऊ लागला आहे.

यावर कंपनीकडे प्रस्ताव देता येतो. मात्र बहुतेक प्रस्ताव पहिल्याच वाक्यात फसतात, कारण ते आणखी एक सुट्टी मागतात. महावीर जन्मकल्याणकाची सुट्टी मागितली की मनुष्यबळ विभागासमोर लगेच दुसरा, तिसरा आणि चौथा समाज उभा राहतो, आणि सर्वांना नकार देणे हेच त्याला सोयीचे वाटते. टिकतो तो सुट्ट्यांची संख्या न वाढवता त्यांची अदलाबदल मागणारा प्रस्ताव.

पुण्यातील साठ माणसांचे एक कार्यालय उदाहरणादाखल घेऊ. माल वाहतुकीचा व्यवसाय, शनिवार-रविवार बंद. हिशेब, ग्राहकसेवा आणि वाहनांचे नियोजन असे तीन विभाग आहेत. कंपनी वर्षाला बारा सुट्ट्या देते: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे चार दिवस, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा हे आणखी चार, आणि धुलिवंदन, गुढीपाडवा, अनंत चतुर्दशी, नाताळ हे शेवटचे चार.

या बारा दिवसांपैकी नेमक्या कोणत्या दिवसांना हात लावायचा, हे कायदा वाचल्यावरच ठरते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 या कायद्याचे कलम 18 कर्मचाऱ्याला वर्षात आठ भरपगारी सणसुट्ट्या देते. त्यांतील पहिले चार दिवस कायद्यानेच ठरवलेले आहेत आणि वर ते दिलेच आहेत. उरलेले चार दिवस मालक आणि कर्मचारी यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायचे असतात. ही तरतूद फार थोड्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. फलकावरची यादी वरून येते असा सर्वांचा समज असतो. वास्तविक तिच्यातील चार दिवसांना कर्मचाऱ्यांची संमती लागते. प्रस्ताव मांडताना उपकाराची भाषा वापरण्याचे कारण उरत नाही ते यामुळेच.

असे असले तरी पहिल्या वर्षी त्या आठ दिवसांना हात न लावणे शहाणपणाचे. ते सर्वांसाठी सारखे, ठरलेले आणि कायद्याच्या तपासणीत दाखवायला सोपे राहतात. आपल्या उदाहरणातील कंपनी आठांच्या वर चार दिवस स्वेच्छेने देते. प्रस्ताव तेवढ्यापुरताच करावा. धुलिवंदन, पाडवा, अनंत चतुर्दशी आणि नाताळ या दिवशी कार्यालय उघडे राहील आणि त्यांच्या बदल्यात प्रत्येकाला आपल्या निवडीच्या चार ऐच्छिक सुट्ट्या मिळतील. ज्याला पाडवाच हवा तो पाडवा निवडेल. त्याचे काहीच जात नाही.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत या पद्धतीचा नमुना पूर्वीपासून आहे. तेथे सक्तीच्या सुट्ट्यांखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्याला एका मोठ्या यादीतून आपल्या पसंतीच्या दोन ऐच्छिक सुट्ट्या घेता येतात. मनुष्यबळ विभागाला नवे काही करण्याची भीती वाटते. सरकारी नमुना दाखवला की ती बरीच ओसरते.

खर्चाचा प्रश्न लगेच विचारला जातो. साठ माणसांना चार दिवस म्हणजे 240 दिवसांची भरपगारी रजा. आजही कंपनी तेवढीच देते, उद्याही तेवढीच देईल. वाढतो तो कार्यालय चार दिवस जास्त उघडे ठेवण्याचा खर्च: वीज, सुरक्षारक्षक, चहा, कुलूप उघडणारा जबाबदार माणूस. हा खर्च प्रस्तावात स्वतःहून लिहावा. तो लपवला की समोरचा माणूस शोधून काढतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

त्याहून अवघड प्रश्न असा की, उघड्या ठेवलेल्या दिवशी काम तरी असेल का? नाताळला बँका बंद असतात, त्यामुळे हिशेब विभागाची देवघेव अडते. पाडव्याला बाजारपेठेत नव्या खरेदीची गडबड असते, पण गोदामांतील हमाल आणि वाहनचालक गावी गेलेले असतात. अशा दिवशी कार्यालयात येऊन माणूस नुसता बसून राहिला, तर वर्षाअखेरीस व्यवस्थापक म्हणेल की ही योजना वाया गेली, आणि त्याचे म्हणणे चूक ठरणार नाही. म्हणून प्रत्येक विभागाने आधीच सांगावे की बाहेरचा संपर्क नसताना करता येईल असे कोणते काम आपल्याकडे आहे. हिशेब विभागाकडे खात्यांचा मेळ असतो, थकबाकीच्या याद्या असतात, लेखापरीक्षणाची कागदपत्रे असतात. वाहन नियोजनाकडे असे काही नसेल, तर त्या विभागाने नाताळऐवजी दुसरा दिवस उघडा ठेवावा. सर्व विभागांना एकच दिवस लागू झाला पाहिजे असा आग्रह धरू नये.

आता सुट्ट्यांच्या यादीकडे वळू. येथे आपल्या समाजाचाच अनुभव मोठा बोलका आहे. ‘जैन – पर्युषण – एक दिवस’ असे कोणी सद्भावनेने लिहून दिले तर ते जवळजवळ कोणाच्याच उपयोगाचे नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते, स्थानकवासी व तेरापंथी परंपरेत पंचमीला. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते आणि क्षमावाणी त्याच्याही नंतर येते. म्हणजे एकाच कार्यालयातील तीन जैन कर्मचाऱ्यांना तीन वेगळे दिवस हवे असू शकतात. चतुर्थीची संवत्सरी अनेकदा गणेश चतुर्थीच्या दिवशीच येते, त्यामुळे महाराष्ट्रात ती सुट्टी आयती मिळते. पण तेही दरवर्षी नाही. गणेश चतुर्थीचा दिवस मध्यान्ही चतुर्थी आहे की नाही यावर ठरतो, तर संवत्सरीसाठी सूर्योदयाची तिथी पाहतात. काही वर्षी त्यामुळे एका दिवसाचे अंतर पडते. शिवाय ज्या घरात अठ्ठाई झाली असेल, तेथे सुट्टीची खरी गरज दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या सकाळी असते. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेली व्यक्ती मुगाच्या पाण्याने पारणे करून साडेनऊला संगणकासमोर बसू शकत नाही. हे कोणत्याही सरकारी यादीत सापडणार नाही.

इतरांच्या तारखांचेही असेच आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी तेवढी मागे सरकते, आणि नक्की दिवस चंद्रदर्शनावर, म्हणजे आदल्या संध्याकाळी ठरतो. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही 28 सप्टेंबरला आले. मुस्लीम समाजाने आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि राज्य सरकारनेही सुट्टी 29 सप्टेंबरला नेली. ज्या कंपन्यांच्या यादीत तारीख छापून गेली होती, त्यांच्या मुस्लीम कर्मचाऱ्यांना पुन्हा अर्ज करावे लागले असणार. पारशी शहेनशाही पंचांगात लीप वर्ष नाही, म्हणून त्यांचे नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येते. 2024 आणि 2025 मध्ये ते नेमके 15 ऑगस्टला आले, म्हणजे पारशी कर्मचाऱ्याची वेगळी सुट्टी त्या वर्षी उरलीच नाही. 2026 च्या पंचांगात बुद्धपौर्णिमा 1 मे रोजी आहे, आणि लक्ष्मीपूजन रविवारी, 8 नोव्हेंबरला.

यावरून प्रस्तावाचे दोन नियम आपोआप ठरतात. पहिला असा की, यादीत धर्माचा रकाना नसावा. पंचवीस-तीस दिवसांची तारीखवार यादी असावी, आणि यादीबाहेरचा एखादा दिवस कोणी मागितला तर कारण न विचारता तो लिहून घ्यावा. कोणाला क्षमावाणी हवी असेल, कोणाला वडिलांच्या पुण्यतिथीचा दिवस, कोणाला कोणत्याही धर्माशी संबंध नसलेला दिवस. कोणाचा सण खरा आणि कोणाचा लहान, हा निवाडा करण्याचे काम मनुष्यबळ विभागावर टाकणे त्या विभागावरही अन्यायाचे आहे. कागदोपत्री पुरावा मागण्याची वेळ तर येऊच नये. दुसरा नियम असा की, दिवस नावाने नोंदवावा, तारखेने नाही. ‘रमजान ईद, चंद्रदर्शनानुसार’ असे नोंदवले असेल तर एक दिवस मागेपुढे झाल्यास आदल्या रात्रीचा निरोप पुरेसा मानावा.

अशा योजना कागदावर मंजूर होऊनही बंद पडतात, आणि त्याला बहुधा तीन कारणे असतात. पहिले कारण पगारपत्रकाच्या संगणकात असते. ऐच्छिक सुट्टीसाठी तेथे स्वतंत्र नोंद केली नाही, तर ती किरकोळ रजेतच मिसळते, आणि सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही की कोणाचे किती दिवस राहिले. दुसरे कारण विभागप्रमुखाची मर्जी. ‘कामाची निकड’ हे दोन शब्द कोणत्याही सणाला पुरून उरतात. म्हणून 31 जानेवारीपूर्वी नोंदवलेला दिवस नाकारायचा असेल तर तो किमान पंधरा दिवस आधी, लेखी आणि विभागप्रमुखाच्या वरिष्ठाच्या सहीने नाकारावा, एवढी अट घालून घ्यावी. तोंडी नकाराचा हिशेब राहत नाही. तिसरे कारण डिसेंबर. ज्यांनी दिवस घेतलेच नाहीत, ते वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकदम घेतात आणि कार्यालय ओस पडते. ऐच्छिक सुट्टी पुढील वर्षात नेता येणार नाही, तिचे पैसे मिळणार नाहीत, आणि चारपैकी किमान तीन दिवस जानेवारीतच नोंदवावे लागतील, असे ठेवले की हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

एकाच दिवशी एका विभागातील अनेकांनी सुट्टी मागितली तर काय, हेही ठरवून द्यावे लागते. निम्मी माणसे हजर असावीत हा साधा नियम पुरतो. आपल्या उदाहरणात हिशेब विभागात सहा माणसे आहेत आणि त्यांतील चार जण पारण्याच्या दिवसाची मागणी करतात असे धरू. एकाला माघार घ्यावी लागेल. ती सेवाज्येष्ठतेने ठरवू नये, नाहीतर सर्वांत नव्या माणसाला दरवर्षी तीच शिक्षा होईल. चौघांनी आपसांत ठरवावे, आणि जो थांबेल त्याचे नाव लिहून ठेवून पुढील वर्षी त्याला पहिला मान द्यावा. (एकाच विभागात एकाच समाजाची चार माणसे कशी आली, हा प्रश्न वेगळा आहे. ओळखीने भरती करण्याच्या आपल्या सवयीची ही किंमत आहे, आणि ती सणाच्या दिवशीच दिसते.)

प्रस्तावावर सह्या कोणाच्या आहेत, याला मजकुराइतकेच महत्त्व आहे. केवळ जैन कर्मचाऱ्यांच्या सह्यांचा कागद गेला तर तो एका समाजाची मागणी म्हणून वाचला जाईल. आधी सर्वांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात: चार दिवस निवडता आले तर कोणते निवडाल, एवढाच प्रश्न, धर्म विचारू नये. साठपैकी पुष्कळ जण आजचेच चार दिवस लिहितील, आणि तेही प्रस्तावाला पोषकच आहे, कारण त्यातून दिसते की उघड्या ठेवलेल्या दिवशी किती माणसे प्रत्यक्ष कामावर येतील. साठपैकी आठ-दहाच येणार असतील, तर पूर्ण मजला उघडण्याऐवजी एकच खोली किंवा घरून काम, असा पर्याय लिहिता येतो.

मजकूर एका पानात बसावा. त्याचा गाभा असा असू शकेल: ‘कंपनी सध्या वर्षाला बारा सुट्ट्या देते. त्यांपैकी कायद्यानुसारच्या आठ सुट्ट्या आहेत तशाच राहाव्यात. उर्वरित चार सुट्ट्यांच्या बदल्यात प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतःच्या निवडीच्या चार ऐच्छिक सुट्ट्या मिळाव्यात. एकूण रजेत वाढ होणार नाही. निवड जानेवारीत नोंदवली जाईल, विभागात निम्मी उपस्थिती राखली जाईल. ही व्यवस्था एक वर्षासाठी करून पाहावी आणि वर्षाअखेरीस नोंदवही पाहून पुढील निर्णय घ्यावा.’ लक्ष्मीपूजन रविवारी आल्याने एक दिवस बुडतो, तो भरून मिळावा ही मागणी या पानात घालू नये. ती योग्य असली तरी खर्च वाढवणारी आहे, आणि ‘एकूण रजेत वाढ होणार नाही’ या वाक्याला छेद देते. ती वेगळ्या कागदावर मागावी.

एक गोष्ट मात्र याच पानात असावी, आणि तिचा सुट्टीशी संबंध नाही. पर्युषण आठ किंवा दहा दिवसांचे असते. तेवढ्या सुट्ट्या कोणी देणार नाही आणि मागूही नयेत. भाद्रपदात पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. साडेसहाला सुटलेल्या माणसाला सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवता येत नाही, त्याचे संध्याकाळचे प्रतिक्रमणही चुकते. त्याला हवा असतो दीड तास. सकाळी आठला येऊन पाचला जाण्याची मुभा मिळाली की त्याचे पर्युषण सुरळीत पार पडते आणि कंपनीचा एक तासही बुडत नाही. रमजानच्या महिन्यात मुस्लीम सहकाऱ्याची गरज हीच असते, कारण त्याचा रोजाही सूर्यास्तालाच सुटतो. ‘वर्षातून चाळीस दिवसांपर्यंत, आठवडाभर आधी कळवून, कामाचे तास तेवढेच ठेवून वेळ अलीकडे घेता येईल’ एवढे एक कलम दोघांनाही पुरते. ते दोघांनी मिळून मागितले तर आणखी चांगले.

प्रस्ताव नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पोहोचायला हवा. डिसेंबरमध्ये पगारपत्रकाची मांडणी होते, आणि कायद्यानेही संमतीची मुदत वर्ष सुरू होण्यापूर्वीची आहे. ती चुकली तर चार दिवसांचा विषय वर्षभर लांबतो. वेळेच्या सवलतीला मात्र अशी मुदत नाही. ती कोणत्याही महिन्यात मागता येते. 2026 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. त्या महिन्यात वाहन नियोजनातील मुस्लीम सहकाऱ्यासाठी ती मागावी, आणि त्या मागणीवर हिशेब विभागातील जैन मुलीनेही सही करावी. सप्टेंबरमध्ये तिची पाळी येईल, तेव्हा मनुष्यबळ विभागाला फेब्रुवारीचीच नोंद पुढे चालवायची असेल.